विमानाचं तिकीट कोणत्या वारी काढावं? काउंटरवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

पुण्यात डेक्कनवरच्या एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात मी सतरा वर्षं तिकिटं काढतोय. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी खुर्ची ओढून बसतं आणि आवाज जरा खाली आणून विचारतं, "मंगळवारी स्वस्त मिळतं म्हणतात, खरं आहे का हो?" त्याच्या मागोमाग जे प्रश्न येतात तेही इथे एकत्र केलेत. भाड्यांचे आकडे गणित कळावं म्हणून घेतलेत, आजचे दर म्हणून धरू नका.

एका वाक्यात सांगा, मंगळवार खरा की खोटा?

एके काळी खरा होता, तोही अमेरिकेत. आज पुण्याहून तिकीट काढणाऱ्याला मंगळवारची वाट बघून मिळतं त्यापेक्षा जातंच जास्त.

मग हा मंगळवार आला कुठून?

अमेरिकेत 1978 साली विमान भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवायचा कायदा झाला आणि कंपन्या एकमेकींचं गिऱ्हाईक पळवू लागल्या. भाडं कमी करायचं म्हणजे नुसती पाटी बदलून चालत नाही. ते भाडं देशभरच्या एजंटांच्या स्क्रीनवर जावं लागतं. हे काम एटीपीको नावाची संस्था करते. विमान कंपन्या आपली भाडी आणि त्यांच्या अटी तिच्याकडे पाठवतात आणि ती सगळ्या बुकिंग यंत्रणांना वाटते. पूर्वी हे वाटप दिवसातून मोजक्या ठरलेल्या वेळीच व्हायचं आणि शनिवार-रविवारी त्याहून कमी. आपल्याकडे पोस्टमन ठरलेल्या फेऱ्यांना यायचा, तसंच काहीसं.

मग व्हायचं असं. सोमवारी संध्याकाळी एखादी कंपनी सेल लावायची. मंगळवारी सकाळी बाकीच्या कंपन्यांची भाडी बघणारी माणसं ऑफिसात येऊन ते बघायची आणि आपलीही भाडी उतरवायची. दुपारपर्यंत ती सगळ्या स्क्रीनवर पोचायची. त्यामुळे मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला एकाच मार्गावर चार कंपन्यांची उतरलेली भाडी एकदम दिसायची. गुरुवारपर्यंत सेल संपायचा. सल्ला इथून निघाला आणि त्या काळी तो बरोबर होता.

यात एक गंमत आहे. ते दुपारचे तीन अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे. आपल्या घड्याळात तेव्हा बुधवार लागून गेलेला असतो, रात्रीचा साडेबारा किंवा दीड. म्हणजे जो पुणेकर मंगळवारी जेवण करून निवांत लॅपटॉप उघडतो, त्याचा मूळ मंगळवारही चुकतो.

भारतात तर ही रीत कधी रुजलीच नाही. 1994 पर्यंत देशातली नियमित विमानसेवा कायद्यानेच सरकारी कंपन्यांकडे होती आणि भाडी वरून ठरायची. 2003 मध्ये एअर डेक्कन आली, स्वस्त भाड्यांची स्पर्धा सुरू झाली, पण त्याच सुमाराला लोक इंटरनेटवर तिकिटं काढायला लागले. आपण सल्ला तेवढा उसना आणला, तो ज्याच्यावर उभा होता ते तिकडेच राहिलं.

आता नेमकं काय बदललं?

भाडी वाटायला ठरलेल्या वेळेची गरज उरली नाही, ही झाली छोटी गोष्ट. मोठी गोष्ट अशी की तुम्हाला स्क्रीनवर जो आकडा दिसतो तो बहुतेक वेळा भाडं बदलल्यामुळे बदलत नाही. तो बदलतो त्या भाड्याच्या जागा संपल्यामुळे. हा फरक एकदा डोक्यात बसला की वाराचा प्रश्न आपोआप गळून पडतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

विमानात इकॉनॉमीच्या, समजा, 150 खुर्च्या आहेत. बसायला सगळ्या सारख्या. पण विकताना त्या वेगवेगळ्या कप्प्यांत टाकलेल्या असतात. आमच्याकडे त्याला क्लास किंवा बकेट म्हणतात आणि प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर असतं. प्रत्येक कप्प्याचं भाडं वेगळं आणि अटी वेगळ्या. एजंटाच्या स्क्रीनवर ते असं दिसतं:

```
AN21NOVPNQDEL

Y9 B9 M9 H6 K5 L3 U0
```

पहिली ओळ म्हणजे मी विचारलेला प्रश्न: 21 नोव्हेंबरला पुणे ते दिल्ली काय उपलब्ध आहे? दुसरी ओळ एका विमानाचं उत्तर. डावीकडे सगळ्यात महाग कप्पा, उजवीकडे सगळ्यात स्वस्त. अक्षरांचा क्रम प्रत्येक कंपनीचा आपापला असतो. आकडा म्हणजे त्या कप्प्यात किती जागा विकायला उघड्या आहेत. 9 म्हणजे नऊ किंवा त्याहून जास्त, खरा आकडा कंपनी दाखवत नाही. इथे यू संपलाय आणि एल मध्ये तीन जागा आहेत. एल चं भाडं 4,900 असेल तर वेबसाइटवर तुम्हाला 4,900 दिसेल. कुणी तीन तिकिटं काढली की पुढच्या माणसाला के चं, समजा 5,900, दिसेल. भाडी तीच आहेत, कुणी हात लावलेला नाही. तरी तो माणूस म्हणणार, "हजार रुपयांनी वाढलं!"

कप्प्यांचे आकडेही स्थिर नसतात. कोणत्या कप्प्यात किती जागा ठेवायच्या हे कंपनीचं सॉफ्टवेअर सतत ठरवत असतं. आजवर किती विकल्या गेल्या, मागच्या वर्षी याच सुमाराला किती गेल्या होत्या, आणि शेवटच्या आठवड्यात महाग तिकीट घेणारे किती येतील, यावर ते चालतं. शेवटी येणाऱ्या महागड्या गिऱ्हाइकासाठी किती खुर्च्या राखायच्या याचं गणित ब्रिटिश विमान कंपनी बीओएसीमधल्या लिटलवूड नावाच्या माणसाने 1972 मध्येच मांडलं होतं. आज तेच, बरंच वाढवून, दिवसरात्र चालतं. त्या गणितात "आज कोणता वार आहे" याला फार जागा नाही. "उड्डाणाला किती दिवस उरले आणि किती खुर्च्या उरल्या" याला आहे.

कमी भाड्याच्या कंपन्या मला अशी ओळ दाखवत नाहीत, त्यांची विक्रीची यंत्रणा वेगळी असते. पण कप्पे तिथेही आहेतच.

मंगळवारपर्यंत थांबलं तर बिघडतं काय? चार दिवसांचा तर प्रश्न आहे.

सहकारनगरचे एक काका आहेत, आमचे जुने गिऱ्हाईक. दिल्लीला भाचीचं लग्न. जायचं 21 तारखेला, शनिवारी. काका आले 6 तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी. स्क्रीनवर वर दिली तीच ओळ. एल मध्ये तीन जागा, भाडं 4,900, काका-काकूंना दोनच हव्यात. मी म्हटलं, काढून टाकू. काका म्हणाले, "घाई कशाला? मंगळवारी येतो."

एल च्या भाड्याला एक अट होती: तिकीट उड्डाणाच्या किमान 14 दिवस आधी काढलेलं हवं. 21 तारखेपासून मागे मोजलं तर 14 वा दिवस येतो 7 तारखेचा शनिवार. म्हणजे काकांच्या हातात आणखी एकच दिवस होता. तेही मी सांगितलं. पण व्हॉट्सअॅपवर आलेल्या गोष्टीपुढे काउंटरवरच्या माणसाचं फारसं चालत नाही.

मंगळवारी, 10 तारखेला, काका सकाळी अकरालाच हजर. मी ओळ काढली. एल मध्ये अजूनही तीन जागा! काका खूश. मी भाडं लावायला गेलो तर एल चं भाडं लागेना, यंत्रणा 5,900 चं के देत होती. जागा होत्या, पण उड्डाणाला 11 दिवस उरलेले आणि अट 14 ची. दोघांचे मिळून 2,000 रुपये जास्त गेले.

आता याची दुसरी बाजू बघा. वारामुळे किती वाचतं? गुगलने 2022 मध्ये स्वतःकडच्या भाड्यांची आकडेवारी सांगितली होती, अमेरिकेतल्या प्रवासाची. आठवड्याच्या मधल्या वारी काढलेली तिकिटं शनिवार-रविवारपेक्षा सरासरी 1.9 टक्क्यांनी स्वस्त पडत होती. हेच प्रमाण इथे लागू होतं असं मुळीच नाही, पण घटकाभर धरू. 4,900 वर 1.9 टक्के म्हणजे 93 रुपये. दोघांचे 186. एवढ्यासाठी काकांनी 2,000 पणाला लावले. आणि काका आले होते शुक्रवारी, म्हणजे 186 सुद्धा पुरते नाहीतच.

अशा अटी 7, 14, 21 दिवसांच्या असतात, काही भाड्यांना असतात, काहींना नसतात. म्हणून तिकीट काढायचं ठरलं की मी आधी कॅलेंडरवर प्रवासाच्या तारखेपासून मागे 21, 14 आणि 7 मोजतो. या तिन्ही तारखा प्रवासाच्याच वारी येतात, कारण तिन्ही आकडे सातच्या पाढ्यातले. म्हणजे शनिवारी जाणाऱ्यासाठी भाड्याची पायरी शनिवारनंतर चढते, बुधवारी जाणाऱ्यासाठी बुधवारनंतर. सगळ्यांसाठी एकच "स्वस्त वार" निघणार कसा?

आम्ही चौघं आहोत. एकट्याचं बघितलं तर कमी दिसतं, चौघांचं टाकलं की माणशी जास्त. ही फसवणूक नाही का?

फसवणूक नाही, पण कुणी सांगत नाही हे खरं. एका बुकिंगमधल्या सगळ्या प्रवाशांना यंत्रणा साधारण एकाच कप्प्यातून तिकीट देते. वरच्याच ओळीत चौघांचं मागितलं तर एल मध्ये तीनच जागा आहेत, म्हणून चौघंही के मध्ये जातात. 4,900 च्या तीन जागा तशाच पडून राहतात आणि तुम्ही माणशी 5,900, म्हणजे चौघांचे 23,600 भरता. तेच तिघांचं एक आणि एकाचं एक अशी दोन बुकिंगं केली तर 14,700 अधिक 5,900, मिळून 20,600. सरळ 3,000 वाचतात.

तपासायला सोपं आहे. आधी एका माणसाचं भाडं बघा, मग दोन, मग तीन. ज्या आकड्याला माणशी भाडं चढतं, तिथे कप्पा संपला.

पण दोन बुकिंगं म्हणजे दोन पीएनआर. यंत्रणेला तुम्ही एक कुटुंब आहात हे माहीतच नसतं. विमान रद्द झालं तर तिघं सकाळच्या आणि एक जण रात्रीच्या विमानात, असंही होऊ शकतं. म्हणून लहान मुलाला किंवा आजी-आजोबांना कधीही एकटं वेगळ्या पीएनआरवर टाकू नका. चौघांत दोन मोठे असतील तर एक मोठा आणि एक मूल अशा दोन जोड्या करा. वरच्या उदाहरणात तेव्हा दोघं एल मध्ये आणि दोघं के मध्ये जातील, वाचतील 2,000. हजार कमी वाचले तरी झोप शांत लागते.

काल बघितलं तेव्हा कमी होतं, आज वाढलं. फोनला कळतं का आपण सारखं बघतोय ते?

हा संशय इतका पक्का आहे की लोक बायकोच्या फोनवरून, मग शेजाऱ्याच्या फोनवरून बघतात. मी कितीतरी जणांना काउंटरवरच दाखवलंय. त्यांच्या फोनवर वाढलेलं भाडं आणि माझ्या स्क्रीनवरचं त्याच कप्प्याचं भाडं सारखंच निघतं. मी तर त्या तारखेला त्यांच्यासाठी पहिल्यांदाच बघत असतो.

दोन कारणं बहुधा खरी असतात. एक, कप्पा संपला. दुसरं, तुलना करणाऱ्या साइट्स प्रत्येक वेळी कंपनीला ताजं विचारत नाहीत, थोड्या वेळापूर्वीचं साठवलेलं भाडं दाखवतात. तुम्ही पैसे भरायच्या पानावर गेलात की तेव्हा खरी चौकशी होते आणि "भाडं बदललं आहे" अशी पट्टी येते. ते तुमच्यामुळे बदललेलं नसतं, यादीत दिसत होतं तेच शिळं होतं. म्हणून यादीवर विश्वास ठेवून गप्पा मारू नका, कंपनीच्या स्वतःच्या साइटवर शेवटच्या पानापर्यंत जाऊन आकडा बघा.

रात्री बारानंतर काढलं तर?

जागरण होईल. एवढंच, की काही वेळा न भरलेली बुकिंगं सुटून स्वस्त कप्प्यात एखाद-दुसरी जागा परत येते. ते रात्रीही होतं आणि दुपारी दोनलाही.

म्हणजे वाराला काहीच अर्थ नाही?

आहे, भरपूर आहे. फक्त तिकीट काढायच्या वाराला नाही, विमानात बसायच्या वाराला. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आणि सगळा घोटाळा तिथूनच आहे. कुणीतरी सांगतं "मंगळवार स्वस्त", त्याला म्हणायचं असतं मंगळवारी उडा. ऐकणारा ऐकतो मंगळवारी काढा. गुगलच्या त्याच माहितीत प्रवासाच्या वाराचा फरक सुमारे 12 टक्के होता. 1.9 आणि 12, तुम्हीच बघा.

पुण्यात तर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. शुक्रवारी दुपारनंतर हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातून आयटीतली मुलं बॅगा घेऊन थेट लोहगावच्या विमानतळावर निघतात. नागपूर, दिल्ली, बेंगळुरू, कोलकाता, सगळीकडची शुक्रवार संध्याकाळची विमानं भरलेली. परतताना रविवार रात्र आणि सोमवारची पहिली विमानं. कंपन्यांना हे वर्षानुवर्षं माहीत आहे, त्यामुळे या उड्डाणांचे स्वस्त कप्पे मुळातच छोटे ठेवलेले असतात. कधी कधी शुक्रवार संध्याकाळच्या विमानात दीड महिना आधीसुद्धा सगळ्यात खालचा कप्पा शून्यच दिसतो. म्हणजे तो कधी उघडलाच नव्हता. तिथे तुम्ही सोमवारी काढा नाहीतर गुरुवारी, काय फरक पडणार?

त्याउलट मंगळवार-बुधवारची दुपारची विमानं, किंवा शनिवारी दुपारचं जाणं. सुट्टी मिळत असेल तर शुक्रवार रात्रीऐवजी शनिवार दुपार आणि रविवार रात्रीऐवजी मंगळवार सकाळ, एवढा बदल करून बघा. घरून काम करणाऱ्यांना हे सहज जमतं, सोमवार गावाहून करायचा.

पुण्याची आणखी एक अडचण म्हणजे धावपट्टी. लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ आहे. नवं टर्मिनल 2024 च्या जुलैमध्ये सुरू झालं, बसायला जागा वाढली, पण धावपट्टी तीच, हवाई दलाबरोबर वाटून घ्यायची. गर्दी वाढली म्हणून कंपनीला वाटेल त्या वेळी जादा विमान घालता येत नाही. त्यामुळे पुण्यात एखादं उड्डाण भरत आलं की त्याचं भाडं बहुधा चढतंच राहतं.

पण माझ्या मित्राला खरंच एका ठरावीक वारी दीड हजार सूट मिळाली.

मिळाली असेल. ती भाड्यातली नव्हती, कार्डाची होती. बँका आणि बुकिंग साइट्स मिळून ठरावीक वारी ठरावीक कार्डावर सूट देतात. आज वाराचा खरा फायदा कुठे उरला असेल तर इथे.

फक्त त्याची बारीक अक्षरं वाचा. किमान किती रकमेचं बुकिंग हवं, सूट जास्तीत जास्त किती, महिन्यातून एकदाच की दरवेळी, आणि क्रेडिट कार्डावर की हप्त्यांवर घेतलं तरच. मग सूट वजा करून उरलेल्या रकमेत त्या साइटची कन्व्हिनियन्स फी मिळवा आणि तो आकडा विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवरच्या शेवटच्या आकड्याशेजारी ठेवा. बऱ्याचदा दीड हजारातले सहा-सातशेच हाताला लागतात. तिकीट रद्द केलं तर ती फी सहसा परत येत नाही आणि सूटही जाते.

ऑफरचा वार दोन दिवसांवर असेल आणि मध्ये 14 किंवा 7 दिवसांची पायरी येत नसेल, कप्प्यात जागाही बऱ्या दिसत असतील, तर थांबायला माझी हरकत नाही. हे थांबणं काकांच्या थांबण्यासारखं नाही. इथे किती मिळणार ते आधी माहीत असतं.

मग किती दिवस आधी काढावं?

यालाही एक जादूचा आकडा मागू नका. साध्या आठवड्यातल्या देशांतर्गत प्रवासाला मी तीन ते सहा आठवडे आधी बघायला सुरुवात करतो आणि 21 दिवसांची पायरी ओलांडायच्या आत निर्णय घेतो. चार महिने आधी काढण्यात सहसा फायदा नाही, तेव्हा कंपनीलाही घाई नसते.

दिवाळी, मे महिना आणि वर्षअखेर यांना हा नियम लावू नका. दिवाळीत पुणे-नागपूर हा मार्ग एका दिशेने वाहतो: आधी सगळे विदर्भाकडे, भाऊबीजेनंतर सगळे पुण्याकडे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दोन दिवसांत पुण्याहून नागपूरला जाणारी खुर्ची सोन्याची, आणि त्याच दिवशी नागपूरहून पुण्याला येणारं विमान बऱ्यापैकी मोकळं. ज्यांना उलटं जमतं, म्हणजे आई-वडिलांनाच दिवाळीला पुण्यात बोलावता येतं, त्यांचं तिकीट ऐन गर्दीतही परवडतं. हे मी गेल्या काही वर्षांत अनेक घरांना सुचवलंय. निम्म्या घरांत "गावची दिवाळी ती गावची" म्हणून नकार येतो, आणि तोही समजण्यासारखा आहे.

मुंबईहून घेतलं तर स्वस्त नाही का?

परदेशी जाताना बहुतेकदा मुंबईच बघावं लागतं, पुण्याहून थेट परदेशी विमानं मोजकी. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय आणि एक्सप्रेसवेवरून येणाऱ्याला तो अलीकडेच पडतो. देशांतर्गत प्रवासाला मात्र चौघांचा हिशेब पुरा करा: गाडीभाडं, टोल, घाटातला खोळंबा म्हणून आधी निघायचे तीन तास. माणशी हजाराचा फरक एकट्याला पुरत नाही, चौघांना पुरू शकतो. आणि दोन्ही शहरांची भाडी एकाच वेळी, एकाच पद्धतीने, शेवटच्या पानावर बघा.

रेल्वेला हे लागू होतं का?

साध्या गाड्यांना नाही. भाडं ठरलेलं, प्रश्न फक्त जागेचा. तिथे महत्त्वाचा एकच दिवस: प्रवासाच्या 60 दिवस आधीची सकाळ. 1 नोव्हेंबर 2024 पासून ही मुदत 120 ची 60 झाली, अजून पुष्कळांना माहीत नाही.

पण विमानाचे कप्पे कसे चालतात हे उघड्यावर बघायचं असेल तर दुरांतो बघा. दुरांतो, राजधानी, शताब्दी या गाड्यांना 2016 पासून फ्लेक्सी भाडं लावलं गेलं. दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडं दहा टक्क्यांनी वर, ठरावीक मर्यादेपर्यंत. वार कोणताही असो, तुमच्या आधी किती जण आले त्यावर तुमचं भाडं. रेल्वेने नियम छापून सांगितला, विमान कंपन्या सांगत नाहीत, एवढाच काय तो फरक.

तुमच्यावर विश्वास नाही असं नाही, पण मला स्वतः तपासायचंय.

तपासाच. एक प्रवास घ्या, पाच आठवडे पुढचा, पुणे-दिल्ली किंवा पुणे-बेंगळुरू. तारीख एक, कंपनी एक, विमानही एकच. मंगळवारचं एक विमान आणि बुधवारी दुसरंच, अशी तुलना केली तर काहीच कळणार नाही आणि बहुतेक लोक हीच चूक करतात. रोज एकाच वेळी, एका माणसाचं, शेवटच्या पानावरचं भाडं वहीत लिहा. शेजारी दोन गोष्टी: उड्डाणाला किती दिवस उरले आणि चार माणसांचं माणशी भाडं किती.

तीन आठवड्यांत वही स्वतःच बोलायला लागते. आकडा चार-पाच दिवस जागचा हलत नाही, मग एकदम उडी मारतो. चौघांचं माणशी भाडं आधी चढलं आणि दोन दिवसांनी एकट्याचंही तेवढंच झालं, तर कप्पा विकला गेला. चौघांचं आणि एकट्याचं सारखंच होतं आणि दोन्ही एकाच दिवशी उडाली, आणि तो दिवस 21, 14 किंवा 7 च्या पायरीनंतरचा, तर अट आडवी आली. दोन्ही अधेमधेच उडाली, तर सॉफ्टवेअरने कप्पा बंद केला. क्वचित आकडा खालीही येतो, विक्री अंदाजापेक्षा कमी झाली की बंद केलेला कप्पा पुन्हा उघडतात. तो कोणत्याही वारी उघडतो. म्हणून रोज बघणं होत नसेल तर गुगल फ्लाइट्सवर त्या तारखेचा किमतीचा अलर्ट लावून ठेवा, मेल येतो.

सहकारनगरच्या काकांनी ही वही खरंच ठेवली, नंतरच्या बेंगळुरूच्या प्रवासाला. निळ्या शाईत आकडे, मंगळवारांना लाल गोल. पाच मंगळवारांपैकी एकावर भाडं उतरलेलं होतं, 210 रुपयांनी. काकांनी तिकीट काढलं मात्र एका रविवारी सकाळी, उड्डाणाला 22 दिवस असताना. दुकान उघडायच्या आधीच फोन: "अरे, एक माणूस टाकलं काय आणि दोन टाकली काय, सारखंच दाखवतंय. तीन टाकली की वाढतंय. काढ लगेच."